केळीच्या ठिबक-खतांच्या पोस्टरचा फोटो मराठीत करतोय, अक्ष आणि एककांबद्दल मदत हवी

तापीकाठ (रावेर): आमच्या केळी गटासाठी एका पोस्टरचं मराठी करतोय. मूळ फाइल नाही, फक्त फोटो. पहिल्या आलेखात आडव्या अक्षावर `DAP`, 0 ते 300. उभ्या अक्षावर मातीच्या अर्काची विद्युत वाहकता, 0 ते 800, एकक `mS cm⁻¹` सारखं दिसतं. दुसऱ्यात उत्पादन `t ha⁻¹` मध्ये आणि स्तंभांवर a, ab, b. पहिल्या अक्षाला 'डीएपी खताची मात्रा' लिहू ना? आणि हेक्टरचं एकर करू का?

आमोदेकर: एकरच करा भाऊ, हेक्टर कोण मोजतं! 2.5 ने भागा, झालं.

काळी_माती: थांबा. इथे डीएपी खत नाही, लागवडीनंतरचे दिवस आहेत. खताची मात्रा असती तर सोबत ग्रॅम किंवा किलो असं एकक असतं. इथे नुसते आकडे आहेत आणि 300 पर्यंत जातात, केळीच्या वाढीचा काळही तेवढाच. अक्षावर 'लागवडीनंतरचे दिवस' असं पूर्ण लिहा. संक्षेप ठेवला तर वाचणाऱ्याला पोतंच आठवेल.

एककाचं जास्त जपा. समुद्राच्या पाण्याची वाहकता साधारण 50 mS cm⁻¹ असते, मग मातीच्या अर्काची 800 कशी असेल? ते बहुतेक `µS cm⁻¹` आहे. µ ची खाली उतरणारी शेपटी धूसर फोटोत जाते आणि ते m वाचलं जाऊ शकतं, म्हणजे हजारपटीची चूक. पण नुसत्या अंदाजावर बदलू नका. पोस्टरच्या मजकुरात किंवा तक्त्यात तोच आकडा शोधा. चिन्ह रोमनच ठेवा. वरचा उणे एक टाइप होत नसेल तर `µS/cm` लिहा, अर्थ तोच. `cm 1` मात्र होऊ देऊ नका.

धुळे_कापूस: माझ्या कापसाच्या पोस्टरवर फ्लॅश पडलाय, सूचीतले दोन रंग सारखेच दिसतात. काय करू?

काळी_माती: दादा, स्तंभांचा क्रम सूचीशी जुळतो का बघा. तोही दिसत नसेल तर नावं घालू नका, 'अस्पष्ट' लिहा.

आमोदेकर, भागाकार 2.47 ने करायचा, आणि एकर केलं की अक्षावरचे 20, 40, 60 हे 8.1, 16.2, 24.3 होतात. त्रुटीच्या रेषा आणि तळटीपेतला क्रांतिक फरकही भागावा लागेल, एक राहिला की आलेख खोटा. अक्ष तसाच ठेवा, खाली अनुवादकाची टीप द्या: 60 टन प्रति हेक्टर म्हणजे सुमारे 24 टन प्रति एकर. a, ab, b चं अ, अब, ब करू नका, तळटीप त्याच अक्षरांवर चालते. आणि `P ≤ 0.05` मधला P स्फुरद नव्हे.

आमोदेकर: टीप चालेल. पण अक्षावरचे आकडे देवनागरी हवेत.

काळी_माती: मला नको वाटतं. धूसर छपाईत १ आणि 9 मध्ये गल्लत होते.

आमोदेकर: आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना इंग्रजी आकडेच वाचता येत नाहीत, त्यांचं काय?

तापीकाठ: तक्त्यात 780 µS सापडलं! पण त्रुटीच्या रेषा प्रमाण विचलनाच्या की प्रमाण त्रुटीच्या, ते कुठेच नाही.

काळी_माती: मग नुसतं 'त्रुटीच्या रेषा' लिहा. नमुने किती ते दिलंय का?