केबिन बॅगची उंची चाकं धरून मोजायची की सोडून? उद्या संध्याकाळपर्यंतच बदलून मिळेल, मदत हवी

सई_नागपूर
काल बॅग घेतली. दुकानदार म्हणाला, "ताई, वीस इंची आहे, केबिनला डोळे झाकून चालते." आतल्या चिठ्ठीवर ५५ सेमी लिहिलंय. घरी येऊन मोजली तर ५९ भरली! चाकं धरायची की नाही, एवढंच सांगा. "वेबसाइट बघा" असं कोणी लिहू नका. बघितली. तिथे ११५ सेमी लिहिलंय, त्यावरून चाकांचं काही कळलं नाही.

फिरस्ता_ठाणे
चाकं कोणीही मोजत नाही. कामानिमित्त महिन्यातून दोनदा तरी विमानात असतो, आजवर माझ्या बॅगला कोणी टेप लावलेली नाही. वजन बघतात. ७ किलोच्या आत ठेवा आणि बिनधास्त जा.

उज्ज्वला_मिरज
सई, चकल्या आणि चिवडा केबिनमध्ये खुशाल ने, पण लोणचं नेऊ नकोस गं. सिक्युरिटीला काढून ठेवतात. माझी कैरीच्या लोणच्याची अख्खी बरणी गेली. चेक-इनच्या बॅगेत घाल, झाकणाखाली प्लास्टिक लावून.

सई_नागपूर
काकू, लोणचं नेत नाहीये. बॅग मोजायची आहे फक्त.

धावपट्टी_काका
चाकंही धरायची, मूठही धरायची आणि बाजूचा कप्पा फुगला असेल तर तोही. विमानाच्या वरच्या कप्प्यात बॅग चाकांसकटच जाते ना? मी मुंबईला चेक-इन काउंटरवर चौदा वर्षं काढली आहेत. फिरस्ता म्हणतात ते त्यांच्यापुरतं खरं असेल, आपल्याकडे देशातल्या विमानांत वजनावरच जास्त नजर असते. पण बॅग आत घालून बघायचा मापाचा सांगाडा काउंटरजवळ ठेवलेला असतो आणि ज्या दिवशी विमान भरलेलं असतं त्या दिवशी तो वापरलाही जातो.

आता तुम्ही जे सांगितलं नाही ते सांगा. कुठली कंपनी? नागपूरहून कुठपर्यंत? मध्ये दुसरं विमान आहे का? बॅग कापडी की कडक? चाकं दोन की चार? आणि ५९ कशाने मोजलंत?

सई_नागपूर
एवढं सगळं लागतं का? कापडी आहे, चार चाकं, पुढे एक कप्पा. शिवणाच्या टेपने मोजली, चाकाच्या टोकापासून वरच्या मुठीपर्यंत. नागपूर-मुंबई इंडिगो, मग लंडन, तिथे मामेभावाकडे. मोठी बॅग त्याच्याकडे ठेवून चार दिवस इटली, ते रायनएअरने. पण तो छोटा प्रवास आहे, त्याचं काही नाही.

धावपट्टी_काका
ताई, सगळं "त्याचंच" आहे.

पण आधी माप. शिवणाची टेप बॅगच्या पोटावरून वळते, म्हणून आकडा वाढतो. ती टेप माणसाच्या कमरेसाठी असते, बॅगसाठी नाही. असं करा. ओढायचा दांडा पूर्ण आत दाबा. बॅग फरशीवर, गालिच्यावर नव्हे, उभी करून पाठ भिंतीला टेकवा. वर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवा, त्याची एक कड भिंतीला नीट चिकटली पाहिजे. पुस्तकाच्या खालच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारा. बॅग बाजूला करून फरशीपासून रेघेपर्यंत सुताराच्या टेपने मोजा. ती खरी उंची. रुंदीही तशीच, फक्त बॅग कुशीवर उभी करून. त्या बाजूला धरायला पट्टा असेल तर तो दाबू नका, त्याच्यासकट मोजा.

जाडीसाठी बॅग भरून मोजायची. रिकामी मोजून काही उपयोग नाही. भरलेली बॅग पाठीवर झोपवा, वर मुलांचं परीक्षेचं पॅड ठेवा, हलका हात ठेवून फरशीपासून पॅडच्या खालच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. दोन आकडे वेगळे आले तर मोठा धरा.

गणिती_प्रमोद
इतका खटाटोप कशाला? लांबी, रुंदी, जाडी यांची बेरीज ११५ च्या आत आली की विषय संपला. एक बाजू जास्त असेल तर दुसरी कमी असते.

धावपट्टी_काका
प्रमोदराव, बेरजेचा हिशेब चेक-इनच्या बॅगेचा, १५८ सेमीवाला. केबिनला बेरीज लिहिलेली असली तरी काउंटरवर असतो तो सांगाडा, आणि सांगाड्याला बेरीज येत नाही. यांचाच प्रवास घ्या. इंडिगोचं माप ५५, ३५, २५. बेरीज ११५. रायनएअरच्या मोठ्या केबिन बॅगचं ५५, ४०, २०. बेरीज पुन्हा ११५! आता इंडिगोच्या मापाची तंतोतंत बॅग रायनएअरच्या सांगाड्यात घाला. जाडीला ५ सेमी बाहेर राहील.

गणिती_प्रमोद
मान्य, पण इंडिगो स्वतःच ११५ लिहिते. लिहिलंय तर प्रवाशाने तेच धरायचं. उद्या माझी बॅग ५२, ३८, २५ असली तर अडवणार का मला?

धावपट्टी_काका
काउंटरवर कोण बसलंय त्यावर आहे. मी सोडलं असतं. माझ्या शेजारचा सोडला नसता.

तुटकी_चाकं
चाकांचा विषय निघालाच आहे तर विचारतो, माझ्या जुन्या बॅगचं एक चाक तुटलंय. पुण्यात सुटी चाकं कुठे मिळतील?

जुगाडू_सातारा
सईताई, चाकंच काढून टाका. आतलं अस्तर चेनने उघडतं, खाली स्क्रू असतात. दहा मिनिटांचं काम. चार-पाच सेमी वाचतील. काढलेली चाकं वरच्यांना द्या.

धावपट्टी_काका
आणि मग नागपूर ते इटली बॅग खांद्यावर? शिवाय चाकाची खोबण राहतेच, वाचतात तीनेक सेमी, आणि स्क्रूच्या भोकांतून पावसाचं पाणी आत येतं.

सई_नागपूर
मोजली. भिंतीवर रेघ मारली म्हणून आई ओरडली. उंची ५५.५, म्हणजे ५९ नाहीच! रुंदी बाजूच्या पट्ट्यासकट ३७. जाडी रिकामी २२.५ आणि भरून २४. म्हणजे फक्त अर्धा सेमी जास्त. चालेल ना?

फिरस्ता_ठाणे
पळेल! अर्ध्या सेमीसाठी कोणी अडवत नाही.

धावपट्टी_काका
उंचीत तुम्ही जवळजवळ सुटलात. दुकानदारही खोटं बोलला नाही. वीस इंच म्हणजे ५१ सेमी, ते नुसत्या खोक्याचं माप. त्यात चाकांचे साडेचार मिळवले की ५५.५. चिठ्ठीवरचे ५५ चाकांसकटचे होते. बावीस इंचीच्या बाबतीत मात्र फसगत होते. तिचं खोकंच ५६ भरतं, चाकांसकट साठ होतात, आणि काहीजण तिच्यावरही ५५ छापतात. त्या अर्ध्या सेमीबद्दल मी शब्द देत नाही. बऱ्याच सांगाड्यांत तेवढी ढील असते, पण चाक कडक असतं, दाबून आत जात नाही.

तुमची अडचण उंची नाहीच. जाडी २४ आहे. इंडिगोला ती चालते, पण तिथे रुंदी दोन सेमीने जास्त. रायनएअरला रुंदी चालते, पण तिथे जाडी चार सेमीने जास्त. कापडी आहे म्हणून पुढचा कप्पा पूर्ण रिकामा ठेवून बघा. तरी २२.५ च्या खाली येणार नाही, कारण ती पाठीच्या सळ्यांची आणि चौकटीची जाडी आहे. कापड दबतं, चौकट दबत नाही.

दोन्हीकडे चालणारी बॅग हवी असेल तर प्रत्येक बाजूचा लहान आकडा घ्या: ५५, ३५, २०. उद्या दुकानात टेप घेऊन जा, पण सुताराची. आणि मधली जास्तीची चेन, उघडली की बॅग फुगते ती, बंद ठेवून मोजा आणि प्रवासातही बंदच ठेवा.

लंडनवाली_मीनल
थांबा थांबा. कुणी मूळ प्रश्न विचारलाच नाही. सई, रायनएअरच्या तिकिटात प्रायॉरिटी घेतलीय का? ५५-४०-२० त्याच्यासोबतच मिळते. साध्या तिकिटात फक्त सीटखालची छोटी बॅग, ४०, ३०, २०. आधी ४०-२०-२५ होती, २०२५ मध्ये बदलली. प्रायॉरिटी नसेल तर ट्रॉलीचं हे सगळं मोजमाप त्या प्रवासापुरतं फुकट. गेटवर पैसे भरून खाली टाकावी लागेल, आणि ते पैसे तिकिटापेक्षा जास्त होऊ शकतात.

सई_नागपूर
तिकीट दादाने काढलंय. विचारून सांगते.

गणिती_प्रमोद
म्हणजे ४० अधिक ३० अधिक २०, ९० सेमी. इझीजेटची फुकटची बॅग ४५, ३६, २० असते, म्हणजे १०१. तिने जा की.

लंडनवाली_मीनल
प्रमोदकाका, तिकीट निघालंय.

सई_नागपूर
दादा म्हणतो, "प्रायॉरिटी म्हणजे लवकर चढायचं असतं ना, आपल्याला कशाला?" नाही घेतली. आता?

लंडनवाली_मीनल
आता प्रायॉरिटी विकत घे, जागा असेल तर ॲपवर नंतरही मिळते. नाहीतर ट्रॉली भावाकडे ठेव आणि चार दिवसांचं सामान सॅकमध्ये. मी यातलं दुसरं करते. कापडी सॅक घ्यायची, कॉलेजची चालते. काकांच्या पुस्तक-पॅडच्या पद्धतीनेच मोज, पण भरून. सॅक कडक नसते, वरून अर्धी मोकळी ठेवली तर उंची आपोआप कमी होते. जाडी मात्र फसवते, कपडे गुंडाळी करून एकावर एक ठेवलेस की पोट २५ च्या पुढे जातं. सपाट घड्या घाल. जाड जॅकेट अंगावर.

धावपट्टी_काका
आणि ट्रॉली इंडिगोला सोबत नेणार असाल तर रुंदीच्या दोन सेमीची जोखीम तुमची. चेक-इनला टाकलीत तर प्रश्नच नाही. बदलायची की नाही ते यावर ठरवा.

सई_नागपूर
सॅक मोजली. उंची ४४, वरची पाच सेमी मोकळी ठेवून ३९. रुंदी २९. जाडी भरून २३, मधल्या कप्प्यात चार्जर आणि चपला आहेत.

लंडनवाली_मीनल
चपला काढ, पायात घाल. बूट नेऊच नको. चार्जर खिशात.

सई_नागपूर
२०.५.

फिरस्ता_ठाणे
अर्धा सेमी कोणी बघत नाही.

सई_नागपूर
नको, चप्पल काढलीच आहे तर एक टॉपही काढते. ट्रॉली उद्या परत करते. दुकानदाराला म्हणते, वीस इंच सांगता तसे जाडीचे पण सांगत जा.

तुटकी_चाकं
पुण्यात चाकं कुठे मिळतात ते राहिलंच की हो.

जुगाडू_सातारा
सईताईंनी काढली तर तुम्हाला देऊ म्हटलं होतं. आता नाही.