विषय: लंगोट आणि टॉवेल

“बाळाचे सगळेच कपडे गरम पाण्यात धुवावेत का?”

सगळे नकोत. झबली-टोपड्यांना साधे पाणी, साबण आणि कडक ऊन पुरते; शीचे लंगोट आणि आजारी माणसाचे टॉवेल यांना मात्र ६० अंशांच्या आसपासचे पाणी हवे. लंगोट आधी थंड पाण्यातच खळबळून घ्यावा, कारण गरम पाण्याने शीतील प्रथिने धाग्यात गोठतात आणि डाग पक्का बसतो (ही चूक आम्ही पहिले दोन आठवडे केली).

यंत्र नसल्यास उकळते आणि नळाचे पाणी समप्रमाणात मिसळावे, त्यात साबणचुरा घालून कपडे काठीने बुडवावेत आणि बादली अर्धा तास झाकून ठेवावी. हाताला सोसणारे पाणी एवढे गरम नसतेच. कोरडा असताना ठीक वाटणारा टॉवेल ओला होताच कुबट वास मारू लागला, तर त्यालाही हेच करावे.