शब्दचर्चा: ‘सेन्सिटिव्हिटी ९० टक्के’ म्हणजे नव्वद टक्के कशाचे?

मंजिरी, ऐरोली

गेल्या मंगळवारी माझ्या वहिनीचा डबल मार्कर ही रक्तचाचणी आणि बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी एनटी सोनोग्राफी यांचा एकत्र रिपोर्ट आला. वय २९, पहिलंच बाळंतपण, बारावा आठवडा. वरच ठळक अक्षरांत ‘डाऊन सिंड्रोम: स्क्रीन पॉझिटिव्ह’, त्याखाली १:१८०. मागच्या पानावर बारीक अक्षरांत चाचणीची सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, स्पेसिफिसिटी ९५ टक्के. तिने पुढचं आणि मागचं जोडून वाचलं आणि अर्थ लावला की बाळात दोष असण्याची शक्यता नव्वद टक्के. दादा कामावर गेलेला, घरात ती एकटी. मला फोन केला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं.

मी भाषांतरं करते. नेमकं याच आठवड्यात गरोदर बायकांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत करायला आलंय आणि त्यात हेच दोन शब्द आहेत. रूढ प्रतिशब्द ‘संवेदनशीलता’ आणि ‘विशिष्टता’. ते छापले तर वहिनीसारखी बाई पुन्हा तिथेच अडकणार. कुणी चांगले शब्द सुचवाल का? आणि आधी मलाच समजावून सांगा, हे नव्वद टक्के आहेत तरी कशाचे?

कोपरीकर

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ‘संवेदनशीलता’ टाकाऊ नाही. संवेदना म्हणजे जाणवणं. चाचणीला दोष किती जाणवतो ते तिची संवेदनशीलता. अडचण इतकीच की हा शब्द आपण माणसांच्या मनासाठी वापरून वापरून मऊ केला आहे. विशिष्टतेबद्दल मात्र तुमच्या वहिनींना धीर देता येणार नाही, मंजिरीताई. विशिष्टता ९५ म्हणजे चाचणी चुकण्याचं प्रमाण ५. म्हणजे पॉझिटिव्ह आलेला रिपोर्ट शंभरात पंचाण्णव वेळा खरा. वाईट वाटतं, पण अर्थ तोच निघतो.

सुप्रिया, घणसोली

आमच्या सासूबाईंच्या लघवीच्या रिपोर्टवरही ‘कल्चर सेन्सिटिव्हिटी’ होतं. खाली अँटिबायोटिक्सची यादी आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे ते औषध लागू पडेल. मग ९० टक्के सेन्सिटिव्ह असेल तर चांगलंच की, बहुतेक औषधं चालतील. काळजी करू नका ताई.

लॅबवाली, वाशी

सुप्रियाताई, तुमच्या सासूबाईंच्या रिपोर्टवरची सेन्सिटिव्हिटी जंतूंची: कोणत्या औषधाने ते मरतात ती. इथली सेन्सिटिव्हिटी चाचणीची आहे. दोन्ही शब्द आमच्या एकाच काउंटरवरून बाहेर पडतात, त्यामुळे हा घोटाळा रोज होतो.

कोपरीकर सर, तुमचा अर्थ मात्र खोडायलाच हवा, कारण मंजिरीताईंची वहिनी हे वाचेल. मराठीत एक शब्द आहे, ‘पैकी’. सगळं त्याच्यावर अडलंय. नव्वद टक्के म्हणजे ज्या बाळांना डाऊन सिंड्रोम आहेच, त्यांच्यापैकी नव्वद टक्के या चाचणीत सापडतात. पंचाण्णव टक्के म्हणजे ज्यांना तो नाहीच, त्यांच्यापैकी पंचाण्णव टक्क्यांना चाचणी नीट सोडून देते. दोन्ही वाक्यं बाळाचं आधीच माहीत आहे असं धरून बोलतात. वहिनीचा प्रश्न उलटा आहे. तिच्या हातात फक्त रिपोर्ट आहे. तिला विचारायचंय, पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणींच्या बाळांना खरंच असतो?

हिशेब मांडते. साधारण वहिनीच्या वयाच्या १०,००० गरोदर मुली धरा. सोपं पडावं म्हणून हजारात एक, म्हणजे १० बाळांना डाऊन सिंड्रोम आहे असं धरू. त्यातली ९ चाचणी पकडेल, एक निसटेल. उरलेल्या ९,९९० जणींची बाळं ठीक आहेत, पण त्यांच्यातल्या ५ टक्क्यांना चाचणी उगाच अडवेल. म्हणजे जवळपास ५०० जणी. आता पॉझिटिव्हचा गठ्ठा उचला. त्यात ५०९ रिपोर्ट आहेत आणि खरे ९. म्हणजे साधारण ५७ पैकी एक. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

कोपरीकर

कागद-पेन घेऊन दोनदा करून पाहिलं. तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. ठीक असलेल्या बाळांपैकी पाच टक्के चुकतात हे मी पॉझिटिव्हपैकी पाच टक्के चुकतात असं वाचलं. ‘पैकी’ कुठे लावायचं, एवढ्यानेच अर्थ फिरला.

पण मग चाचणीला नाव काय द्यायचं याचं उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे: चाळणी. स्पर्धा परीक्षांत चाळणी परीक्षा असतेच की. माझी आई ओसरीवर तांदूळ चाळायची. वर राहिलेलं सगळं ती ताटात घ्यायची आणि उजेडाकडे धरून एकेक दाणा बाजूला सारायची. त्यात खडे दोन-चार, बाकी जाड दाणे आणि साळ. वर राहिलं म्हणून तिने कधी मूठभर तांदूळ फेकला नाही. मग चाळणच सुधारली की प्रश्न मिटेल ना?

लॅबवाली, वाशी

काही अंशी. भोकं मोठी केली तर जाड दाणे कमी अडकतील, पण बारके खडेही खाली जातील. आमच्याकडे भोक म्हणजे कट-ऑफ. पुष्कळ ठिकाणी १:२५० धरतात. १:२४० आला तर पॉझिटिव्ह, १:२६० आला तर नेगेटिव्ह. दोन्ही बायकांच्या परिस्थितीत तसा काही फरक नाही.

आणि चाळण तीच ठेवून पोतं बदललं तरी ताटातलं प्रमाण बदलतं. एनआयपीटी घ्या, आईच्या रक्तातला डीएनए तपासणारी. डाऊन सिंड्रोमसाठी तिची सेन्सिटिव्हिटी ९९ टक्क्यांच्या आसपास, स्पेसिफिसिटी ९९.९ च्या घरात. हजारात एक प्रमाण असलेल्या दहा हजार जणींत ती खरे १० पकडते आणि खोटेही १० अडवते. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्याच खऱ्या. चाळिशीच्या बायकांत प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असतं. तिथे तीच चाचणी ९९ खरे पकडते आणि खोटे पुन्हा १०. आता दहापैकी नऊ खरे. मशीन तेच, नळी तीच. सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी चाचणीसोबत जातात. पॉझिटिव्ह किती खरा ते तपासायला आलेल्या माणसांवरही ठरतं. म्हणून ही तिसरी गोष्ट आम्ही कागदावर एका आकड्यात छापू शकत नाही.

मंजिरी, ऐरोली

मी आत्ता वहिनीला हा हिशेब फोनवर वाचून दाखवला. तिने विचारलं, मग १:१८० चं काय? ते ५७ पैकी एकाशी जुळत नाही.

लॅबवाली, वाशी

फार चांगला प्रश्न विचारला तिने. ५७ पैकी एक ही अख्ख्या पॉझिटिव्ह गठ्ठ्याची सरासरी. त्या गठ्ठ्यात १:५ असलेलीही आहे आणि १:२४० असलेलीही. १:१८० हा तिचा स्वतःचा आकडा. वय, रक्तातले दोन घटक आणि एनटीचं माप हे सगळं धरून तो काढलेला असतो. त्याचा अर्थ, असाच रिपोर्ट आलेल्या १८० जणींपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असतो, १७९ जणींच्या बाळांना नसतो. तिला हवं असलेलं उत्तर पहिल्या पानावरच होतं. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने ते झाकलं गेलं.

आणखी एक, माहितीपत्रकात ‘आजार’ लिहू नका. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. तो कुणाकडून लागत नाही आणि औषधाने जातही नाही.

नीता, कळवा

माझा अनुभव सांगते. चार वर्षांपूर्वी माझं फक्त रक्त घेतलं होतं, एनटी त्यात धरलीच नव्हती. फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख लिहून आठवडे मोजले. रिपोर्ट १:१२०, स्क्रीन पॉझिटिव्ह. माझी पाळी पहिल्यापासून लांबते हे कुणी विचारलं नाही, मलाही सांगायचं सुचलं नाही. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजली तर ते दीड आठवड्याने लहान निघालं. आकडा पुन्हा काढला आणि तो कट-ऑफच्या बराच पलीकडे गेला. मधले सहा दिवस मी जेवले नव्हते. तुमच्या वहिनीला म्हणावं, आधी तारीख आणि वजन बरोबर लिहिलंय का ते बघ.

लॅबवाली, वाशी

नीताताईंचं अगदी खरं. रक्तातल्या दोन घटकांपैकी पॅप-ए या आठवड्यांत वाढत जातो आणि फ्री बीटा एचसीजी उतरत जातो. बाळ प्रत्यक्षात लहान असेल तर कागदावरच्या आठवड्याच्या मानाने पॅप-ए कमी दिसतो, एचसीजी जास्त दिसतो. नेमकं हेच रूप डाऊन सिंड्रोममध्येही दिसतं. म्हणून सोनोग्राफीतल्या लांबीवरूनच आठवडे धरायचे. वजन, जुळी, आयव्हीएफ, मधुमेह यांचीही नोंद लागते.

सगळं बरोबर असूनही पॉझिटिव्ह राहिला तर काही जणी आधी एनआयपीटी करतात, काही थेट गर्भजलाची तपासणी. ती साधारण पंधराव्या आठवड्यानंतर. एनआयपीटीत बाळाचा म्हणून तपासला जाणारा डीएनए खरं तर वारेतून येतो आणि क्वचित वारेतल्या पेशी बाळाहून वेगळ्या असतात, म्हणून तिच्या पॉझिटिव्हवरही निर्णय घ्यायचा नसतो.

मंजिरी, ऐरोली

वहिनीचा रिपोर्ट पुन्हा पाहिला. लांबी सोनोग्राफीचीच आहे, वजनही बरोबर. म्हणजे १:१८० कायम. एनआयपीटी की थेट गर्भजल, ते डॉक्टरांशी बोलून ती आणि दादा ठरवतील.

माहितीपत्रकासाठी मी ‘स्क्रीन पॉझिटिव्ह’च्या जागी ‘पुढे तपासणी हवी’ लिहिते आहे. ‘सकारात्मक’ तर मुळीच नाही. सेन्सिटिव्हिटीसाठी ‘पकडप्रमाण’ आणि स्पेसिफिसिटीसाठी ‘सोडप्रमाण’ कसं वाटतं? तिसऱ्या गोष्टीला मात्र शब्द मिळत नाही. ‘भाकीतमूल्य’ म्हटलं की ज्योतिष आठवतं.

कोपरीकर

पकडप्रमाण चालेल. सोडप्रमाण कानाला बोचतं. ‘सोड’ म्हटलं की घटस्फोट आठवतो. ‘निर्दोष-सुटका’ बघा. तिसऱ्यासाठी ‘खरेपणा’ का नको?

लॅबवाली, वाशी

‘निर्दोष’ नको सर, मग उरलेल्या बाळांना दोषी म्हटल्यासारखं होतं. आणि नुसतं ‘खरेपणा’ म्हटलं की लोक तो पुन्हा मशीनचा गुण समजतील, पोतं विसरतील. मंजिरीताई, मी तुमच्या जागी असते तर तिसऱ्याला शब्दच दिला नसता, पूर्ण वाक्य छापलं असतं: ‘असा रिपोर्ट आलेल्या इतक्या जणींपैकी एकीच्या बाळाला…’

मंजिरी, ऐरोली

वाक्य घेते. तक्त्याच्या रकान्यात ते मावत नाही, म्हणून तिथे शब्द लागणारच. रकाना सध्या कोरा ठेवलाय. शुक्रवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे, तोवर कुणाला सुचला तर सांगा.