मदत हवी आहे: बँकेने रिपोर्ट परत पाठवला, दिवसांचा हिशोब जुळत नाही

सियागंजवाला
मंडळी, सीसी लिमिटसाठी दिलेला रिपोर्ट बँकेने परत पाठवला. मी फायनान्शियल सेक्शनमध्ये खेळत्या भांडवलाची सायकल 93 दिवस असं एका ओळीत लिहिलं होतं. आता म्हणतात, साठा, येणं आणि देणं यांचे दिवस वेगळे दाखवा. शिवाय उधारी 45 दिवसांची म्हणता, ती ताळेबंदात दिसत नाही. स्टॉक 54 लाख, येणं 70 लाख 80 हजार, देणं 32 लाख. सीए गावाला गेलेत, सोमवारी द्यायचंय. पटकन सांगा.

हिशोबी मावशी
विक्री किती, ते कोण सांगणार? माल कसला? येण्यात जीएसटी धरलाय का?

सियागंजवाला
नळ, पाईप, फिटिंग. विक्री 3 कोटी 65 लाख. टॅलीत जे आहे तेच दिलंय.

भिया इंदोरी
इतकं कशाला? विक्रीच्या 20 टक्के, म्हणजे 73 लाख लिमिट मागा. नायक समितीचं सूत्र आहे, दिवस कोणी बघत नाही.

हिशोबी मावशी
भिया, सूत्र बरोबर आहे, पण ते विक्रीच्या पाव भागाइतकी गरज धरतं आणि त्यातले विक्रीच्या 5 टक्के मालकाने घालायचे असतात. पाव भाग म्हणजे साधारण तीन महिन्यांची सायकल. ती तेवढीच आहे का, हे बघायलाच बँक दिवस मागते.

सियागंजवाले, 93 कुठून आले ते कळलं. तुम्ही तिन्ही आकडे रोजच्या 1 लाख विक्रीने भागलेत: 54, 71 आणि 32. पण गोदामातला माल खरेदीभावाने असतो. विकलेल्या मालाची किंमत किती?

सियागंजवाला
मार्जिन 10 टक्के. म्हणजे 3 कोटी 28 लाख 50 हजार.

हिशोबी मावशी
मग रोजचा 90 हजारांचा माल जातो. 54 लाखांचा साठा म्हणजे 60 दिवस. विक्री जीएसटीशिवायची आहे, पण पार्टीकडून येणारी रक्कम बिलाची, 18 टक्क्यांसकट. 70 लाख 80 हजारांतून कर काढला की 60 लाख, म्हणजे 60 दिवस. देण्यातही तसंच: 32 लाखांचे सुमारे 27 लाख, भागिले 90 हजार, 30 दिवस. यात खरेदी आणि विकलेला माल सारखाच धरलाय. साठा वर्षभरात खूप वाढला असेल तर भागायला खरेदीचा आकडा घ्या. सायकल 60 अधिक 60 वजा 30, म्हणजे 90. बेरीज तीनच दिवसांनी हलली, पण साठा आणि येणं दोन्ही चुकीचे होते.

वडोदऱ्याचा जावई
आमच्या केमिकलच्या धंद्यात माल यायच्या आधीच पैसे द्यावे लागतात. देण्याचे दिवस दाखवायचेच कसे? बायको म्हणते धंदा बदला.

गावठी अकाउंटंट
जावईबापू, त्याला वेगळा धागा काढा. सियागंजवाले, देण्याचे 60 दाखवा, सायकल छोटी दिसते. बँक खूश.

हिशोबी मावशी
देण्याचे दिवस वाढवले की मागायची गरज कमी होते आणि लिमिटही कमी बसतं. शिवाय माल बनवणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर करार असला तरी 45 दिवसांच्या वर जाता येत नाही. करार नसेल तर 15. उशीर केलात तर आयकराचा नियम लागतो, म्हणजे 31 मार्चला थकलेली ती रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून मिळत नाही.

गावठी अकाउंटंट
आमचे पुरवठादार ट्रेडर आहेत, त्यांना ते लागत नाही.

हिशोबी मावशी
ट्रेडरला लागत नाही, बरोबर. पण यांचे सगळे ट्रेडरच आहेत का?

सियागंजवाला
अर्धे राजकोटचे कारखानेवाले. पण 45 चं काय करू? ग्राहकाला 45 च सांगतो.

हिशोबी मावशी
थकबाकीची वयवार यादी काढा. 90 दिवसांच्या वर कोण आहे?

सियागंजवाला
दोन ठेकेदार, मिळून 17 लाख 70 हजार. बिलं दिवाळीची, त्यांचं सरकारी पेमेंट अडकलंय.

हिशोबी मावशी
ते वगळा: 53 लाख 10 हजार, करापोटी कमी करून 45 लाख. बाकी पार्ट्या 45 दिवसांतच देतात. पण तक्त्यात 60 च लिहा, खाली ठेकेदारांची टीप द्या. नाहीतर पहिल्याच स्टॉक स्टेटमेंटला उघडं पडेल. बँक बहुधा 90 दिवसांवरचं येणं धरतच नाही. 54 मधून देणं 32 वजा, उरले 22, त्यात 53 लाख 10 हजार, आणि 25 टक्के मार्जिन काढलं की उचलता येतील 56 लाखांच्या आसपास. 73 चं लिमिट मिळालं तरी.

भिया इंदोरी
मग 73 मागूच नये का?

हिशोबी मावशी
मागा की. वसुली झाली की वाढेल. पण पहिल्या दिवसापासून 73 वापरायला मिळतील असं धरून खरेदी ठरवू नका.

गावठी अकाउंटंट
मला अजूनही वाटतं, साठा 31 मार्चचा न धरता सरासरी धरावा. मार्चमध्ये सगळेच गोदाम भरतात.

हिशोबी मावशी
त्यात तथ्य आहे. मागच्या वर्षीचा साठा किती होता?

सियागंजवाला
38 लाख. टॅली उघडतो. खरेदी वेगळी धरायची ना आता?