शब्दचर्चा : अधिकार 'हस्तांतरण' म्हणायचं की 'प्रत्यायोजन'?

बीकॉम दुसरं वर्ष, कोल्हापूर
व्यवस्थापनाच्या तत्त्वांचा पेपर आहे. डेलिगेशनला एका नोट्समध्ये 'अधिकार हस्तांतरण' लिहिलंय, दुसरीकडे 'अधिकारप्रदान', तिसरीकडे 'प्रत्यायोजन'. तिन्ही एकच का? मग विकेंद्रीकरण वेगळं कशात? आणि स्पॅन ऑफ कंट्रोलला 'नियंत्रण कक्षा' म्हणतात, त्या 'कक्षे'चा नेमका अर्थ काय?

राजारामपुरीचा
ताई, नियंत्रण कक्ष म्हणजे कंट्रोल रूम. पंचगंगेला पूर आला की जिल्हाधिकारी कार्यालयात उघडतात तो. सगळ्या तालुक्यांचे फोन एका जागी येतात, म्हणजे झालंच की केंद्रीकरण.

निवृत्त शिक्षिका, मराठी
तो कक्ष, म्हणजे खोली. ही कक्षा. ग्रह आपल्या कक्षेत फिरतो, एखादी गोष्ट आपल्या अधिकाराच्या कक्षेत येते, ती. एका काना-मात्रेनं अख्खं उत्तर खोलीत जाऊन बसेल. मला स्वतःला 'नियंत्रणाचा पल्ला' जास्त आवडतो. एका माणसाची नजर किती जणांपर्यंत पोचते, हे 'पल्ला' म्हटलं की लगेच कळतं.

जिल्हा परिषदेतून निवृत्त
आमच्या ऑफिसात 'प्रत्यायोजन' हाच शब्द चालायचा. अमुक रकमेपर्यंतच्या मंजुरीचे अधिकार खातेप्रमुखांना प्रत्यायोजित केले, असा आदेश निघायचा. आदेश निघाला की वरच्या साहेबांचा संबंध संपला. ज्याची सही, त्याची जबाबदारी. त्यामुळे 'हस्तांतरण' म्हटलं तरी अर्थ तोच.

वाणिज्य शिकवलेला
काका, तुमचा शब्द बरोबर, पण 'संबंध संपला' इथं माझी हरकत आहे. हस्तांतरण म्हणजे खरेदीखत. जमीन विकली की सातबाऱ्यावरचं तुमचं नाव गेलं, उद्या तिथं काय पिकतं हे तुम्हाला कुणी विचारणार नाही. डेलिगेशन हे मुखत्यारपत्रासारखं आहे. मुखत्यार तुमच्या वतीनं सही करतो, ती तुम्हाला बांधते, आणि ते पत्र साधारणपणे तुम्ही रद्दही करू शकता. अधिकार खाली देता येतो, काम देता येतं. वरच्या माणसाला जाब द्यायचं ओझं मात्र देणाऱ्याच्या खांद्यावरच राहतं. खालच्याला तुम्ही जाब विचाराल, पण तुमचा जाब चुकणार नाही. म्हणून 'हस्तांतरण' हा शब्द मला चुकीचा वाटतो, मग तो कितीही नोट्समध्ये छापलेला असो.

जिल्हा परिषदेतून निवृत्त
मुखत्यारपत्राची गोष्ट पटली. आदेशाच्या खाली 'हे अधिकार कधीही काढून घेता येतील' अशी ओळ असायची, ती आत्ता आठवली.

शिरोलीकर
शब्दांचं मला कळत नाही, मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. पण माझ्यावर गुदरलंय ते सांगतो. पूर्वी एका कारखान्यात रात्रपाळीचा इनचार्ज होतो. मालक म्हणाले होते, "रात्री तूच मालक." एका रात्री हीट तयार झाली, सँपल स्पेक्ट्रोवर लावलं, सिलिकॉन कमी. फेरोसिलिकॉन टाकायचं, पण ते स्टोअरला कुलपात, आणि इश्यू स्लिपवर मालकांचीच सही लागायची. फोन केला, बंद. इकडं मोल्ड मांडून तयार, भट्टीत धातू धरून ठेवला तर वीज जळते आणि कार्बनही घटत जातो. पाऊण तास थांबलो आणि ओतलं. कास्टिंगच्या पातळ कडा पांढऱ्या, टणक निघाल्या. मशिन शॉपमध्ये टूल तुटायला लागले, सगळा लॉट परत. सकाळी बोलणी मी खाल्ली. ह्याला काय म्हणायचं?

वाणिज्य शिकवलेला
दादा, ह्याला डेलिगेशन म्हणताच येणार नाही. तुमच्यावर काम टाकलं, जाब टाकला, आणि अधिकार कुलपात ठेवला. तिन्ही सोबत खाली आलेत का, हे ओळखायचं असेल तर तोंडी शब्द सोडून द्यायचे आणि शेवटची सही कुणाची लागते ते बघायचं. तुमच्या गोष्टीत ती स्लिपच सगळं सांगते. पुढं काही बदललं का तिथं?

शिरोलीकर
बदललं. एका पाळीत २० किलोपर्यंत फेरोसिलिकॉन माझ्या सहीवर, सकाळी रजिस्टरला नोंद, त्याच्या वर लागलं तर फोन. हे कागदावर लिहून दिलं. नंतर मी सोडलं, तर माझ्या जागी आलेल्याला परत मालकांची सही घ्यायला लावली म्हणे.

वाणिज्य शिकवलेला
विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ह्यातच आहे. तुम्हाला मिळालं ते प्रत्यायोजन. एका माणसानं एका माणसावर विश्वास टाकला, माणूस गेला तसा अधिकारही गेला. तीच २० किलोची मर्यादा तिन्ही पाळ्यांच्या इनचार्जना, कोणीही असो, कारखान्याचा नियम म्हणून मिळाली असती, तर ते विकेंद्रीकरणाकडं टाकलेलं पाऊल ठरलं असतं. व्यवस्थापनाची तत्त्वं मांडणारे फेयॉल ह्यांनी १९१६ मध्ये मांडलं ते असं, की हाताखालच्या माणसाचं महत्त्व वाढवणारी प्रत्येक गोष्ट विकेंद्रीकरणाची आणि घटवणारी केंद्रीकरणाची. त्यांच्या लेखी हा प्रमाणाचा प्रश्न होता.

बीकॉम दुसरं वर्ष, कोल्हापूर
सर, आता खूप कळलं. पण कक्षेत किती जण बसवायचे? मैत्रीण म्हणते ग्रेकुनासच्या सूत्रानं पाच माणसं म्हणजे पंचवीस संबंध, पाच गुणिले पाच.

वाणिज्य शिकवलेला
पंचवीस नव्हे, शंभर. दादांचाच कारखाना घेऊ. मालकांच्या हाताखाली मोल्डिंग, मेल्टिंग, फेटलिंग आणि क्वालिटी असे चार प्रमुख. मालकांचा प्रत्येकाशी थेट संबंध, हे ४. प्रमुखांचे एकमेकांशी, आणि मोल्डिंगवाल्यानं मेल्टिंगवाल्याला विचारणं वेगळं, त्यानं ह्याला विचारणं वेगळं, म्हणून १२. शिवाय मालक एकाशी बोलताना बाकीच्यांपैकी कुणी ना कुणी समोर असण्याचे प्रकार २८. एकूण ४४. आता डिस्पॅचचा पाचवा प्रमुख आणा : ५, २० आणि ७५, म्हणजे १००. माणूस एकच वाढला, संबंध दुपटीच्याही वर गेले. १९३३ मध्ये मांडलेलं सूत्र असं, n म्हणजे हाताखालची माणसं :

```
n [2^(n−1) + n − 1]
```

शिरोलीकर
सर, हे कागदावर ठीक. आमच्या मोल्डिंग लाइनवर एका सुपरवायझरखाली पंधरा पोरं होती आणि काही अडत नव्हतं. तुमच्या सूत्रानं तो माणूस वेडाच व्हायला पाहिजे.

वाणिज्य शिकवलेला
बरोबर बोट ठेवलंत. सूत्र फक्त शक्य असलेले संबंध मोजतं. त्यातले रोज किती वापरले जातात आणि कुठला किती महत्त्वाचा, हे त्यात नाही. पंधरा जण एकच काम, एकाच जागी, ठरलेल्या पद्धतीनं करत असतील तर पल्ला मोठा ठेवता येतो. चार प्रमुखांची कामं एकमेकांत अडकलेली असतील तर चारही जड जातात. आणि मालकांनी स्लिपवरची सही सोडली, तर रात्रीचे फोनही कमी होतील. प्रत्यायोजन केलं की पल्ला वाढवता येतो, तो असा.

जिल्हा परिषदेतून निवृत्त
मग आमची जिल्हा परिषद कशात बसते? १९६१ च्या कायद्यानं आली, आम्ही तिला लोकशाही विकेंद्रीकरणच म्हणत आलो. पण ते अधिकार कुणा साहेबानं दिलेले नव्हते, विधिमंडळानं दिलेले. कारखान्याचा नियम आणि हा कायदा, दोघांना एकच शब्द कसा?

निवृत्त शिक्षिका, मराठी
मलाही ते खटकतं. मालक उद्या नियम फिरवू शकतो, जिल्हा परिषदेचे अधिकार कुणी फोनवर काढून घेऊ शकत नाही. दुसरा शब्द हवा, पण रुळलेला एकही सुचत नाहीये.

वाणिज्य शिकवलेला
पेपरात ते उदाहरण टाळलेलं बरं, कारखान्याचंच दे. आणि 'पल्ला' कितीही गोड असला तरी 'नियंत्रण कक्षा'च लिही, तपासणाऱ्याच्या डोळ्याला तीच सवयीची.

निवृत्त शिक्षिका, मराठी
कंसात 'पल्ला' लिहायला काय हरकत आहे?

बीकॉम दुसरं वर्ष, कोल्हापूर
लिहीन बाई. आणि फेरोसिलिकॉनची स्लिपही लिहिणार आहे. दादा, चालेल ना?