बँक स्टेटमेंट एक्सेलमध्ये हवंय, ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकू का?

विश्रामबागकर
मी सांगलीत एका कर सल्लागारांकडे काम करते. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट रिन्यूअलसाठी वर्षाचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये करायचंय. पीडीएफला पासवर्ड आहे. गुगलवर पहिली येणारी साइट फाइल आणि पासवर्ड दोन्ही मागते. 'दोन तासांत फाइल डिलीट होते' असं लिहिलंय. सर म्हणतात टाक, पण त्यात पार्ट्यांची नावं, रकमा सगळं आहे. काय करू?

मिरज_जंक्शन
अॅड्रेसबारला कुलूप दिसतंय ना? मग बिनधास्त टाका. मधे कुणी वाचू शकत नाही.

कृष्णाकाठ
मधे वाचू शकत नाही हे खरं, पण ते कुलूप फक्त वाटेपुरतं. पलीकडच्या सर्व्हरवर फाइल उघडी होते, नाहीतर तिचं एक्सेल होणार कसं? आणि डिलीट झाली की नाही, हे आपल्याला इकडून तपासता येत नाही. पासवर्ड देणं तर त्याहून वाईट. पुष्कळ बँकांच्या स्टेटमेंटच्या पासवर्डात नावाची अक्षरं नि जन्मतारीख असते आणि पुढच्या महिन्याचं स्टेटमेंटही त्यानंच उघडतं.

ताई, आधी व्यापाऱ्यालाच विचारा. बऱ्याच बँकांच्या नेटबँकिंगमध्ये स्टेटमेंट थेट एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये मिळतं. मग कन्व्हर्टरचा प्रश्नच मिटला.

विश्रामबागकर
विचारलं. नेटबँकिंग मुलगा बघतो, तो आठवडाभर बाहेर आहे. आमच्याकडे ऑफिस 2016 आहे.

कोरेगावचा_घेवडा
पीडीएफ 200 केबीची कशी करायची? फॉर्म अपलोडच होईना.

कृष्णाकाठ
@घेवडा, वेगळा धागा काढा राव. फक्त फाइलवर डिजिटल सही असेल तर दाबून लहान करू नका, सही ग्राह्य राहत नाही.

ताई, एक्सेल 365 मध्ये `Data > Get Data > From File > From PDF` असतं, 2016 मध्ये नाही. तुम्ही टॅब्युला वापरा, फुकट आहे. तेही ब्राउझरमध्येच उघडतं, पण पत्ता `127.0.0.1:8080` असतो. म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर, फाइल बाहेर जात नाही.

आधी पासवर्ड काढा. पीडीएफ क्रोममध्ये उघडा, पासवर्ड द्या, प्रिंटमध्ये जाऊन `Save as PDF` करा. `Print as image` वर टिक नको, नाहीतर अक्षरांची चित्रं होतात आणि टॅब्युलाला काहीच सापडत नाही. नव्या फाइलमध्ये माउसने एखादी रक्कम सिलेक्ट होते का बघा. झाली तर पुढे जा. टॅब्युलात तक्त्याभोवती चौकट ओढायची, प्रीव्ह्यू बघायचा, सीएसव्ही काढायची. काम झालं की बिनपासवर्डची प्रत पुसून टाका, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

मिरज_जंक्शन
काही साइट म्हणतात की फाइल अपलोडच होत नाही, सगळं ब्राउझरमध्येच होतं. त्या तरी चालतील?

कृष्णाकाठ
पान उघडून नेट बंद करा आणि एखादी बिनमहत्त्वाची फाइल टाकून बघा. अडकली तर काम सर्व्हरवर होतंय असं धरून चाला. झाली तर दावा आजपुरता खरा. उद्या त्यांनी पान बदललं तर कळणार नाही, म्हणून गिऱ्हाइकाच्या कागदाला मी तेही वापरत नाही. शिवाय 2025 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयानं इशारा दिला होता, की काही फुकट कन्व्हर्टर फाइल बदलून देतात आणि सोबत मालवेअरही देतात. अनोळखी साइटचं 'डाउनलोड करा' बटण तर दाबूच नका.

विश्रामबागकर
टॅब्युला चाललं! पण हिशोब जुळेना. एप्रिलचं बघा: सुरुवातीची शिल्लक 1,84,320, जमा 6,52,700. स्टेटमेंटवर शेवटची शिल्लक 1,25,570 आहे. एक्सेलमध्ये नावेची बेरीज 7,06,950 येते, म्हणजे शिल्लक 1,30,070.

कृष्णाकाठ
फरक 4,500 चा. मूळ पीडीएफमध्ये तेवढ्याच रकमेची नावे नोंद शोधा. पान बदलतं तिथे चौकट ओळीच्या वर संपली असेल. लांब तपशील दोन ओळींत मोडतो, त्याही ओळी बघा. महिनावार असं जुळवल्याशिवाय बँकेला देऊ नका.

विश्रामबागकर
सापडली, दुसऱ्या पानाची शेवटची ओळ. एकच राहिलं: त्यांच्या पतसंस्थेच्या खात्याचं पासबुक स्कॅन केलेलं आहे. टॅब्युला घेत नाही.

कृष्णाकाठ
स्कॅनला टॅब्युला चालत नाही. एनएपीएस2 या स्कॅनिंगच्या प्रोग्राममध्ये मराठी-इंग्रजी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणं, कॉम्प्युटरवरच होतं, पण पासबुकाच्या पुसट छपाईत 3 चा 8 होतो. पानं थोडी असतील तर हातानं टाइप केलेलं बरं.

वकीलसाहेबांचा_कारकून
आमच्याकडं वाटणीपत्रं जुन्या फॉन्टमधली असतात. वर्डमध्ये नेली की मराठीचा नुसता चिवडा होतो. कुणाला जमलंय का ऑफलाइन?