शब्दचर्चा: ‘कार्यक्षमता ९० टक्के’ म्हणजे नक्की काय ९० टक्के?

रानजाई
नमस्कार मंडळी. एका भाषांतरात अडकले आहे आणि त्यापायी कामावर बरीच बोलणी खाल्ली आहेत.

मी सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे. महिन्याच्या बजेटवरून आम्ही तीन रेशो काढतो: ॲक्टिव्हिटी, कपॅसिटी आणि एफिशियन्सी. आजवर ते इंग्रजीत वरच्या साहेबांकडे जात. या महिन्यात ठरलं की कॅन्टीनजवळच्या फळ्यावर मराठीत लावायचे, म्हणजे मशीनवरच्या लोकांनाही कळतील. मी लिहिलं: कार्य गुणोत्तर ९४.५, कार्यक्षमता गुणोत्तर ९०, कुशलता गुणोत्तर १०५. कपॅसिटी म्हणजे कार्य करण्याची क्षमता, म्हणून कार्यक्षमता, असा माझा सरळ विचार होता.

जेवणाच्या सुट्टीत पाच-सहा जण टेबलापाशी आले. “महिनाभर टाइमाच्या आत जॉब काढले आणि तुम्ही आमची कार्यक्षमता ९० लिहिता?” त्यांचं बरोबर होतं. तो ९० त्यांच्या कामाबद्दल नव्हताच. कागद काढला. सोमवारी नवा लावायचा आहे. शब्द सुचवा.

भाषाप्रेमी
चूक उघड आहे. एफिशियन्सीला कार्यक्षमता हाच शब्द मराठीत रुळलेला आहे, वाणिज्याच्या पुस्तकांतही तोच असतो. कपॅसिटीला नुसतं ‘क्षमता’. ‘क्षम्’ धातूचा मूळ अर्थ सोसणं, त्यावरून क्षमा आणि क्षमता दोन्ही आले. क्षमता म्हणजे किती भार पेलता येतो ते. तेव्हा क्रियाशीलता गुणोत्तर, क्षमता गुणोत्तर, कार्यक्षमता गुणोत्तर असं लिहा.

लेथवाला
दादा, फळ्यावर एकाखाली एक क्षमता आणि कार्यक्षमता लिहिलं तर वाचणारा दोन्ही एकच समजणार. मी बावीस वर्षं लेथवर आहे. आमच्यात कुणी कार्यक्षमता म्हणत नाही. ‘टाइमात बसलं’ किंवा ‘टाइमात नाही बसलं’, एवढंच म्हणतो. ताई, मला वेगळंच विचारायचं आहे. लाइट गेलेले तास तुम्ही कुठे धरता? आमचं सगळं भांडण तिथंच असतं.

गाळपहंगाम
क्षमतेचा प्रश्न आहे म्हणून लिहितो. मी साखर कारखान्यात होतो. आमच्याकडे गाळप क्षमता म्हणजे दिवसाला इतके टन ऊस. परवाना २,५०० टनांचा असला तरी हंगाम जोरात असला की त्याहून जास्त गाळप व्हायचं, आणि कागदावर क्षमतेचा वापर ११० टक्के दिसायचा. त्यामुळे ‘क्षमता वापर’ हाच शब्द योग्य.

जुना खतावणीवाला
गाळपहंगाम, तुम्ही म्हणता ते यंत्राचं मोजमाप आहे. इथे छेदात यंत्राची कमाल ताकद नाही, बजेटमध्ये धरलेले तास आहेत. कारखान्यात आणखी चार मशीन झाकून ठेवलेली असली, तरी या आकड्यात त्यांचा पत्ता लागत नाही. म्हणून ‘क्षमता वापर’ लिहिलं तर वाचणाऱ्याची दिशाभूल होईल.

रानजाई, आकडे द्या. आकडे पाहिल्याशिवाय शब्द ठरवू नये, असं माझं मत आहे. मी तीस वर्षं कॉस्टिंग केलं आहे.

रानजाई
देते. वीस ऑपरेटर, पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणून बजेटचे ४,००० तास. मशीनवर प्रत्यक्ष काम झालं ३,६०० तास. माल निघाला: व्हॉल्व्ह बॉडी ६,००० नग, प्रत्येकाला नेमलेली वीस मिनिटं. फ्लँज २,६७० नग, प्रत्येकाला चाळीस मिनिटं.

जुना खतावणीवाला
म्हणजे बॉडीचे २,००० तास आणि फ्लँजचे १,७८०, मिळून ३,७८० तासांचं काम झालं. आता इथे थांबा. हे ३,७८० घड्याळातले तास नाहीत. बॉडी आणि फ्लँज यांच्या नगांची बेरीज करून ८,६७० लिहिलं तर त्याला अर्थ नाही, कारण एक फ्लँज दोन बॉडींच्या तोडीची आहे. म्हणून दोन्हींना एका मापाने मोजलं. धान्य पायलीने मोजतो तसं हे काम तासाने मोजलं. नावात तास आहे, पण ते कामाचं माप आहे.

एकदा हे ध्यानात आलं की तिन्ही आकडे आपोआप उलगडतात. ४,००० तास भरायचं ठरलं होतं, ३,६०० भरले, तो तुमचा ९०. त्या ३,६०० तासांत ३,७८० तासांचं काम निघालं, तो १०५. आणि ४,००० तासांचं काम व्हायचं ठरलं होतं, झालं ३,७८० तासांचं, तो ९४.५. नव्वद टक्क्यांच्या एकशे पाच टक्के केले की साडेचौऱ्याण्णवच येतात. तिसरा आकडा हा पहिल्या दोघांचा गुणाकार आहे. माणसांनी जोरात काम केलं, तरी तास कमी भरल्याने काम बजेटपेक्षा कमी पडलं, एवढंच हा कागद सांगतो.

मिरजकर
१०५ कसे? नेमलेल्या वेळेच्या मानाने किती वेळ लागला, ते पाहायचं ना? मग ३,६०० भागिले ३,७८०, म्हणजे ९५ टक्के. आमच्या क्लासमध्ये असंच शिकवलं होतं, वेळेचं गुणोत्तर म्हणून.

जुना खतावणीवाला
तुमचा भागाकार बरोबर आहे, फक्त अपूर्णांक उलटा धरला आहे. तुमच्या पद्धतीने आकडा जितका कमी तितकं काम चांगलं. फळ्यावर ९५ वाचून कुणाला शाबासकी मिळाल्यासारखी वाटेल का? शिवाय तुमच्या ९५ ला ९० ने गुणलं तर ८५.५ च्या आसपास येतात आणि ९४.५ शी मेळ बसत नाही. आकडा उलटा पडला आहे का, हे ताडायला हा गुणाकार फार उपयोगी आहे.

मिरजकर
गुणाकाराचं पटलं. तरी माझा आकडा चूक नाही म्हणणार. तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

लेथवाला
माझा प्रश्न राहिला. लाइट गेलेले तास?

रानजाई
लेथवाला, हजेरी ३,८०० तासांची होती. दोनशे तास लाइट नव्हती किंवा मशीन बंद पडलं होतं. ते वजा करून ३,६०० धरले.

लेथवाला
मग तुमच्याकडे बरोबर करतात. मी आधी जिथे होतो तिथे हजेरीचेच तास धरायचे. आम्ही मशीनपाशी हात बांधून उभे असायचो आणि तो वेळही आमच्याच नावावर पडायचा.

जुना खतावणीवाला
हाच कळीचा मुद्दा आहे. ३,८०० धरून पाहा. भरलेले तास ९५ टक्के होतात आणि एफिशियन्सी ९९.५ च्या आसपास उतरते. ॲक्टिव्हिटी मात्र ९४.५ च राहते, कारण झालेलं काम आणि बजेट दोन्ही जागचे हलले नाहीत. गुणाकाराचा मेळ दोन्ही पद्धतींत बसतो, त्यामुळे त्या तपासणीत हा फरक सापडत नाही. सापडायचा असेल तर हजेरीपत्रक आणि मशीनबंदची नोंद शेजारी ठेवून पाहावी लागते. पाच टक्क्यांचं श्रेय माणसाचं की खोळंबा विजेचा, ते एका ओळीत इकडचं तिकडे होतं. बोनस त्यावर असेल तर पैसाही जातो.

म्हणून मी म्हणतो, कपॅसिटीला ‘क्षमता’ लिहूच नका. त्यात कुणाची क्षमता मोजलेलीच नाही. ‘भरलेल्या तासांचं प्रमाण’ लिहा.

शब्दवेल
आणि एफिशियन्सीला ‘उरक’! आपल्याकडे हा शब्द असताना कार्यक्षमता कशाला? आजी सुनेबद्दल म्हणायची, “हिला कामाचा उरक आहे.” घेतलेल्या वेळात किती काम उठलं, नेमकं तेच. ‘या महिन्यात उरक १०५ टक्के’, ऐकायलाही किती छान आहे.

भाषाप्रेमी
उरक ही घरगुती बोली झाली. शिवाय ‘उरकून टाकलं’ म्हणजे कसंबसं संपवलं. कारखान्यात असा शब्द लावला तर कामाच्या दर्जाचं काय? परिभाषेत शब्दाला एकच अर्थ हवा, म्हणून तर ती घडवावी लागते. दिनांक, महापौर हे शब्दही सावरकरांनी सुचवले तेव्हा लोकांना परकेच वाटले होते.

शब्दवेल
महापौर रुजला, पण घरात आजही तारीखच विचारतात. आणि दर्जा तर कार्यक्षमता या शब्दातही नाही. त्या १०५ मध्ये नापास नग धरले आहेत का, हे शब्दावरून कसं कळणार?

रानजाई
आम्ही फक्त तपासणीत पास झालेले नगच धरतो. पण शब्दवेल, तुमचं म्हणणं खरं आहे, तो प्रश्न मलाही फळ्याजवळ विचारला गेला.

‘भरलेल्या तासांचं प्रमाण’ मला आवडलं होतं. लिहायला बसले तर वेगळीच अडचण आली. ३,७८० ला मी ‘प्रमाण तास’ म्हणते. मग वाक्य होतं: ‘प्रमाण तासांचे भरलेल्या तासांशी प्रमाण’. एका प्रमाणाचा अर्थ स्टँडर्ड, दुसऱ्याचा रेशो.

भाषाप्रेमी
म्हणून तर रेशोला गुणोत्तर! प्रमाणभाषा, प्रमाणवेळ यांत प्रमाण म्हणजे सर्वांनी मान्य केलेलं माप. ‘गुणोत्तर’ शाळेपासून सगळ्यांना ठाऊक आहे.

मिरजकर
‘मानक तास’ म्हणा, वादच मिटला.

भाषाप्रेमी
मानक हिंदीतून आला. नको.

लेथवाला
आम्ही ‘नेमलेला टाइम’ म्हणतो. टाइम-स्टडीवाला घड्याळ घेऊन मागे उभा राहतो, सेटिंग धरून मिनिटं नेमून देतो. कुणीतरी नेमलेली आहेत, आपोआप प्रमाण झालेली नाहीत, हे त्या शब्दात दिसतं. तीच मिनिटं सैल नेमली असतील तर १०५ काय, १२० पण येतील.

जुना खतावणीवाला
लेथवाला, हे वाक्य मी जपून ठेवणार आहे. नवीन टूल आलं, सायकल टाइम घटला आणि नेमलेली मिनिटं जुनीच राहिली, तर सगळ्या ऑपरेटरांचा आकडा एकाच महिन्यात, एकाच जॉबवर वर जातो. माणूस खरंच सरस असेल तर तो कुठल्याही जॉबवर थोडा पुढे असतो. जॉबवार आकडे मांडले की लगेच दिसतं.

रानजाई
मग आत्तापुरतं असं लिहू का? ‘बजेटमध्ये ठरलेले तास ४,०००. मशीनवर भरलेले ३,६००, म्हणजे ९० टक्के. त्यात नेमलेल्या टाइमाप्रमाणे ३,७८० तासांचं काम निघालं, म्हणजे १०५ टक्के.’ नावच द्यायचं नाही. ॲक्टिव्हिटीसाठी शब्द अजून सापडलेला नाही. ‘क्रियाशीलता’ वाचलं की मला मुलांचं शिबिर आठवतं.

भाषाप्रेमी
नाव न देता वर्णन करणं ही भाषेची हार आहे. आणि ‘टाइमाप्रमाणे’ तर नकोच. निदान ‘तास’ तरी आपला आहे, तो वापरा.

मिरजकर
तास आपलाच. तासणे वरून आला. वेळ तासून तासून केलेला तुकडा.

जुना खतावणीवाला
तसं नसावं. तासणे हे संस्कृत तक्ष् वरून आलं, सुताराचं काम. वेळेचा तास फारसी-अरबीकडून आला असं मानतात, तिकडे तास म्हणजे धातूचं पसरट भांडं. ठोके द्यायच्या काशाच्या थाळीलाही मराठीत तासच म्हणतात. पूर्वी घटिकापात्र पाण्यात बुडालं की त्या थाळीवर टोला द्यायचे. घटका मात्र चोवीस मिनिटांची.

शब्दवेल
म्हणजे भाषाप्रेमींचा ‘आपला’ तासही बाहेरून आलेला निघाला! आमच्या शाळेत शिपाई लोखंडी रुळाच्या तुकड्यावर टोला द्यायचे, त्याला ‘तास पडला’ म्हणायचे.

भाषाप्रेमी
चारशे वर्षं राहिलेला शब्द आपलाच असतो.

शब्दवेल
मग टाइमाला किती वर्षं थांबायचं?

गाळपहंगाम
नांगराच्या तासाचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे नांगराने पडलेल्या ओळीला तास म्हणतात. बैल तास सोडून गेला की वडील ओरडायचे. दिवसाला किती तास पडले, त्यावरून गड्याचं काम मोजायचे. तोही कामाचाच तास झाला, वेळेचा नाही.

लेथवाला
गाळपहंगाम, तुमच्याकडे एका दिवसात किती तास पाडायचे? आणि बैल आजारी पडला तर तो दिवस कुणाच्या नावावर?